डबा भरण्याआधीचे चित्र

गणपतींचे विसर्जन झाले की मिठाईच्या छोट्या दुकानांत दिवाळीच्या ऑर्डरींची चर्चा सुरू होते. कंपन्या, सोसायट्या, परदेशी नातेवाइकांना डबे पाठवणारी मंडळी आधीच चौकशी करू लागतात. दुकानदाराला वेबसाइटच्या माथ्यावर फराळाच्या डब्याचे मोठे, आडवे चित्र तेव्हाच हवे असते. वेबसाइट बनवणारे याला ‘हीरो इमेज’ म्हणतात. अडचण अशी, की त्या वेळी चकलीची भाजणीही भाजलेली नसते आणि अनारशांचे तांदूळ भिजत घालायलाही अवकाश असतो. फोटो काढायला डबाच नाही. म्हणून आता बरेच जण चित्र तयार करून देणाऱ्या एआय साधनांकडे वळतात आणि त्यांना लिहून द्यायच्या सूचनेपाशी, म्हणजे प्रॉम्प्टपाशी, अडतात.

पहिला प्रॉम्प्ट बहुधा असा असतो: ‘दिवाळी मिठाई गिफ्ट हॅम्पर, सुंदर, आकर्षक’. त्यातून येणारे चित्र देखणे असते, पण ते त्या दुकानाचे नसते. सोनेरी ताट, काजूकतली, मोतीचुराचे लाडू, पाकातले गुलाबजाम, मागे धूसर दिव्यांची रांग. ही साधने लाखो छायाचित्रे आणि त्यांच्याखालच्या ओळी यांच्यावरून शिकलेली आहेत, आणि ‘दिवाळीची मिठाई’ या शब्दांजवळ जे सर्वाधिक दिसते तेच ती पुढे करतात. अनारसे, कडबोळी, भाजणीची चकली यांचे फोटो त्या ढिगात थोडे. ‘सुंदर’ आणि ‘आकर्षक’ या शब्दांनी यात काही फरक पडत नाही, कारण त्यांतून डब्यात काय आहे हे कळतच नाही.

पदार्थाचे नाव लिहून भागत नाही, हा यातला सर्वांत महत्त्वाचा धडा. ‘चकली’ लिहिले की पुष्कळदा जिलबी येते, निदान गुळगुळीत नळीचे वेटोळे तरी. ‘करंजी’ लिहिले की उत्तरेकडची मुरड घातलेली गुजिया येते. आपल्याकडची करंजी कातण फिरवून कापलेली, नागमोडी कडेची. अनारसा तर तीळ लावलेले बिस्कीट होऊन बसतो. त्याची जाळी आणि त्यावरची खसखस दोन्ही गायब. उपाय साधा आहे. नावासोबत पदार्थाचा आकार, रंग आणि पृष्ठभाग लिहायचा, तो पदार्थ कधीच न पाहिलेल्या चित्रकाराला सांगावा तसा.

समजा, एका दुकानाचा डबा असा ठरला आहे: विटकरी पुठ्ठ्याचा, सहा कप्प्यांचा, त्यात चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे, करंज्या आणि शंकरपाळे, सोबत दोन मातीच्या पणत्या. आजची बरीच साधने मराठी सूचना समजतात, तेव्हा प्रॉम्प्ट असा लिहिता येईल:

```
दिवाळी फराळाच्या उघड्या डब्याचे खरे वाटणारे छायाचित्र.
विटकरी पुठ्ठ्याचा आयताकृती डबा, दोन ओळींत तीन-तीन कप्पे.
मागची ओळ: काटेरी कडांच्या, तीन वेढ्यांच्या तपकिरी चकल्या;
पातळ पोह्यांचा पिवळा चिवडा, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता;
लहान फुगीर शंकरपाळे, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे.
पुढची ओळ: रवाळ पिवळे बेसन लाडू, प्रत्येकावर एक बेदाणा;
चपटे जाळीदार तपकिरी अनारसे, वर खसखस;
फिक्या बदामी कोरड्या करंज्या, अर्धचंद्राकार, नागमोडी कड.
डबा चित्राच्या उजव्या अर्ध्या भागात, शेजारी दोन मातीच्या पणत्या.
डावीकडे साधी, रिकामी, गडद लाकडी पार्श्वभूमी.
डावीकडून खिडकीचा मऊ उजेड, कॅमेरा तिरका वरून.
आडवे चित्र, प्रमाण 16:9.
```

यातल्या शेवटच्या चार ओळी पदार्थांइतक्याच कामाच्या आहेत. डावी बाजू रिकामी हवी, कारण तिथे दुकानाचे नाव, किंमत आणि ऑर्डरचे बटण बसणार आहे. ते साधनाकडून लिहून घेऊ नये. चित्रात देवनागरी अक्षरे मागितली तर काना-मात्रा सुटतात, जोडाक्षरे भलतीच होतात. अक्षरे नंतर नेहमीच्या फॉन्टमध्ये टाकावीत. बाजूने येणारा उजेड मुद्दाम मागितला आहे, कारण समोरून प्रकाश पडला की चकलीचे काटे आणि अनारशाची जाळी दोन्ही सपाट दिसतात. कॅमेरा अगदी डोक्यावरून ठेवला तर कप्पे नीट मोजता येतात, पण लाडवांचा गोलावा जातो. तिरक्या कोनात दोन्ही साधते.

नको असलेल्या गोष्टींची यादी प्रॉम्प्टमध्ये भरू नये. ‘गुलाबजाम नकोत’ असे लिहिले तर काही साधने नेमका तोच शब्द उचलतात. ‘कोरडे पदार्थ’ असे होकारार्थी लिहिलेले बरे. नको त्या वस्तूंसाठी वेगळा रकाना देणारी साधनेही आहेत. तिथे ती यादी खुशाल द्यावी.

चित्र आले की ते मोठे करून पाहावे. चकलीचा वेढा मध्यापासून निघून बाहेरच्या टोकापर्यंत सलग जातो का, की एकात एक बंद कडी आहेत? पणत्या दोनच आहेत का, आणि ज्योत वातीवर आहे की हवेत? कप्पे सहाच आहेत का? मोजणी हे या साधनांचे दुखणे आहे. सहा मागितले तर सात येऊ शकतात. एकच गोष्ट चुकली असेल तर सगळा प्रॉम्प्ट पुन्हा लिहू नये. तेवढीच ओळ बदलावी, म्हणजे कशामुळे काय बदलले हे कळते. शेवटी चित्र मोबाइलवर उघडून पाहावे. तिथे आडव्या चित्राच्या कडा कापल्या जातात आणि अर्धा डबा बाहेर जाऊ शकतो. मोबाइलसाठी त्याच प्रॉम्प्टचे उभे चित्र वेगळे करावे, डबा खाली आणि मोकळी जागा वर.

आता खरी जबाबदारी. चित्र कल्पनेतले असले तरी डबा विकायचा आहे. चित्रात सहा कप्पे तुडुंब भरलेले आणि घरी पोचलेल्या डब्यात चार, असे झाले तर ती ग्राहकाची फसवणूक आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि चित्र यंत्राने काढले ही सबब तिथे उपयोगी नाही. म्हणून क्रम उलटा नको: आधी पॅकिंगची यादी ठरवावी, मग तिच्यावरून प्रॉम्प्ट लिहावा. लाडू सहाच जाणार असतील तर चित्रात पंधरा लाडवांचा डोंगर ठेवू नये. काजू-पिस्त्यांची पखरणही डब्यात असेल तरच.

पहिला घाणा निघाला की नमुन्याचा एक डबा भरून त्याचा फोनवर फोटो घ्यावा, खिडकीपाशी, त्याच तिरक्या कोनातून. बहुतेक साधनांना असा फोटो देऊन ‘डबा आणि पदार्थ जसेच्या तसे ठेवा, फक्त मागची बाजू आणि उजेड बदला’ असे सांगता येते. तरीही मूळ फोटो शेजारी ठेवून ताडून पाहावे, कारण साधन कधी कधी चकल्याही नव्याने काढते. तोवर कल्पनेतले चित्र वापरायचे असेल, तर खाली ‘चित्र प्रातिनिधिक’ एवढे लिहावे आणि त्याच्याशेजारी प्रत्येक पदार्थाचे वजन किंवा नगसंख्या, पणत्या किमतीत धरल्या आहेत की नाहीत, आणि दुकानाचा 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक द्यावा.