लिथियमची लाल ज्योत आणि आत शिरणारा इलेक्ट्रॉन

प्लॅटिनमच्या तारेच्या टोकाला लिथियम क्लोराइडचे चार कण लावून ती तार बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरली, की ज्योत किरमिजी लाल होते. या प्रकाशाची तरंगलांबी ६७१ नॅनोमीटरच्या आसपास असते. लिथियमच्या अणूत तीन इलेक्ट्रॉन असतात. दोन आतल्या कवचात आणि एक बाहेरच्या, म्हणजे दुसऱ्या कवचात. ज्योतीच्या उष्णतेने हा बाहेरचा इलेक्ट्रॉन २एस या ऑर्बिटलमधून उचलला जाऊन २पी मध्ये जातो आणि परत खाली येताना लाल प्रकाश सोडतो.

आता हायड्रोजनकडे पाहा. त्याचा इलेक्ट्रॉन २एस मध्ये असो की २पी मध्ये, त्याला अणूतून पूर्ण बाहेर काढायला ३.४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकीच ऊर्जा लागते. दोन्हींतला फरक इतका सूक्ष्म आहे, की तो इथे सोडून दिला तरी चालेल. लिथियममध्ये मात्र २एस साठी ५.३९ लागतात आणि २पी साठी ३.५४. मधले १.८५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजेच तो लाल रंग. कवच एकच, मग ही तफावत आली कुठून?

उत्तर शोधायचे तर इलेक्ट्रॉन केंद्रकापासून किती अंतरावर सापडतो, हे पाहावे लागते. इलेक्ट्रॉन ठरावीक वाटेने फिरत नाही. अमुक ठिकाणी तो सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते. केंद्रकाभोवतीची जागा कांद्याच्या पापुद्र्यांसारखी पातळ, सारख्या जाडीच्या गोल थरांत विभागली आहे असे समजा. प्रत्येक थरात इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता किती, याचा आलेख म्हणजे त्रिज्य वितरण फलन. यात दोन गोष्टींची ओढाताण असते. पहिल्या कवचातल्या १एस इलेक्ट्रॉनची दाटी सर्वांत जास्त केंद्रकापाशीच असते, पण तिथला पापुद्रा इवलासा. बाहेर जावे तसा पापुद्रा अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि दाटी घटत जाते. म्हणून आलेख शून्यापासून सुरू होऊन चढतो, हायड्रोजनमध्ये ५३ पिकोमीटरवर शिखर गाठतो आणि मग उतरतो.

दुसऱ्या कवचाचे आलेख शेजारी शेजारी ठेवले की गंमत दिसते. हायड्रोजनच्या २पी ला एकच शिखर आहे, २१२ पिकोमीटरवर. २एस ला दोन आहेत. मोठे शिखर त्याहूनही बाहेर, २७७ पिकोमीटरवर, आणि एक छोटा उंचवटा पार आत, ४० पिकोमीटरवर. मध्ये १०६ पिकोमीटरवर आलेख शून्याला टेकतो.

‘एस इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळ असतो’ असे विद्यार्थी सर्रास लिहितात. हायड्रोजनपुरते तरी ते चुकीचे आहे. तिथे सरासरी अंतर काढले, तर २एस चे ३१७ पिकोमीटर भरते आणि २पी चे २६५. म्हणजे सरासरीने एस च लांब. मुद्दा सरासरीचा नाहीच, त्या आतल्या छोट्या उंचवट्याचा आहे. १०६ पिकोमीटरच्या आत सापडण्याची शक्यता दोघांचीही अगदी सारखी, ५.३ टक्के येते. पण आणखी आत, ५३ पिकोमीटरच्या गोलात डोकावले, तर २एस ची शक्यता ३.४ टक्के आहे आणि २पी ची जेमतेम ०.३७. नऊ पटींहून जास्त फरक.

पी ला आत यायला कोण अडवते? त्याचा स्वतःचा कोनीय संवेग. केंद्रकाभोवतीच्या फिरण्याचे हे माप पी साठी ठरलेले असते, ते कमी करता येत नाही. तेवढाच संवेग राखून अंतर निम्मे करायचे, तर फिरण्याचा वेग दुप्पट आणि त्याला लागणारी ऊर्जा चौपट होते. केंद्रकाच्या ओढीने मिळणारी ऊर्जा मात्र दुप्पटच वाढते. बाहेर असेपर्यंत हा व्यवहार परवडतो, आत गेल्यावर तोट्यात जातो. हायड्रोजनच्या पी इलेक्ट्रॉनसाठी जमा आणि खर्च बरोबरीत येतात ते नेमके ५३ पिकोमीटरवर. त्याच्या आत खर्चच वरचढ, म्हणून तिथे त्याचा आलेख जवळजवळ जमिनीला लागलेला असतो. एस चा कोनीय संवेग शून्य असल्याने त्याला हा भुर्दंड नाही. थेट केंद्रकाच्या ठिकाणीही त्याची दाटी शून्य होत नाही, पी ची होते.

एस इतका आत शिरतो, तर हायड्रोजनमध्ये त्याचा फायदा का दिसत नाही? कारण ओढीची ऊर्जा सरासरी अंतरावर नव्हे, तर ‘एक भागिले अंतर’ याच्या सरासरीवर ठरते. आतल्या उंचवट्यामुळे एस जे कमावतो, ते बाहेरच्या लांबच्या शिखरामुळे गमावतो. हायड्रोजनमध्ये ही वजाबाकी काटेकोर जुळते.

लिथियममध्ये ती मोडते. तिथे केंद्रकावर तीन धन प्रभार आहेत आणि त्याला खेटून पहिल्या कवचातले दोन इलेक्ट्रॉन. त्यांची सुमारे ९० टक्के दाटी त्याच ५३ पिकोमीटरच्या गोलात असते. या जोडीच्या बाहेर असलेल्या इलेक्ट्रॉनला तीनातून दोन वजा होऊन एकच प्रभार जाणवतो. २पी बहुतेक काळ बाहेरच असतो, त्यामुळे त्याचे ३.५४ हायड्रोजनच्या ३.४० ला जवळजवळ चिकटून आहेत. २एस मात्र या आडोशाच्या आत शिरतो आणि तेवढ्यापुरता त्याला एकाऐवजी दोन-अडीच, पार आत तर जवळपास पूर्ण तीन प्रभारांची ओढ बसते. या ओढीने त्याचा सगळाच आलेख आत सरकतो, म्हणून वरचे हायड्रोजनचे आकडे लिथियमला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ऊर्जेवरून उलटा हिशेब केला, तर २एस ला जाणवणारा परिणामी प्रभार १.२६ येतो आणि २पी ला १.०२.

इथे एक सावधगिरी. परिणामी प्रभार काढण्याचे स्लेटरचे १९३० चे सोपे नियम अजून शिकवले जातात आणि ढोबळ कामाला ते ठीक आहेत. पण ते एकाच कवचातल्या एस आणि पी ला एकाच गटात टाकतात. लिथियमच्या २एस आणि २पी, दोघांनाही त्यांच्या हिशेबाने १.३० मिळतात. म्हणजे त्या नियमांवर विसंबलो, तर लाल ज्योत दिसायलाच नको!

सोडियममध्ये हाच प्रकार आणखी ठळक आहे. तिथे बाहेरचा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात असतो आणि त्या कवचात पी च्याही पलीकडे, आणखी जास्त कोनीय संवेगाचे डी ऑर्बिटल असते. आडोसा आता दहा इलेक्ट्रॉनांचा. ३एस मधून इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, ३पी मधून ३.०४, या दोहोंतला फरक म्हणजे रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांचा पिवळा रंग. इथे ३पी ही आडोशात बऱ्यापैकी शिरतो. आणि ३डी? त्याचे १.५२. हायड्रोजनच्या तिसऱ्या कवचाचे १.५१ आहेत. आत अकरा प्रभारांचे केंद्रक बसले आहे, याचा ३डी ला जवळजवळ पत्ताच नसतो.