वर्गणी वाढल्याची सूचना आली आणि आपण गप्प बसलो तर?

‘तुमच्या वर्गणीचा दर बदलतो आहे’ असा संदेश फोनवर येतो. आपण तो बोटाने बाजूला सारतो आणि विसरून जातो. पुढे काय घडेल, हे त्या वर्गणीचे पैसे कुणामार्फत कापले जातात यावर अवलंबून असतं. एका ठिकाणी उत्तर न देणं म्हणजे नकार ठरतो, तर दुसऱ्या ठिकाणी तोच होकार धरला जातो.

अँड्रॉइड फोनवर गूगल प्लेमधून घेतलेली वर्गणी पाहू. अ‍ॅपवाल्याने दर वाढवला की नवे ग्राहक लगेच नव्या दराने पैसे भरतात, जुने मात्र जुन्याच दरावर राहतात. त्यांनाही वाढीव दर लावायचा असेल तर कंपनीला तसं वेगळं ठरवावं लागतं, आणि तेव्हा सर्वसाधारण नियम असा की ग्राहकाची संमती हवी.

समजा, एका संगीताच्या अ‍ॅपला तुम्ही महिन्याला 149 रुपये देता आणि पैसे दर 5 तारखेला कापले जातात. कंपनीने 1 जूनला जुन्या ग्राहकांनाही 199 रुपये लावायचं ठरवलं. गूगलच्या नियमाप्रमाणे त्या दिवसापासून किमान 37 दिवस, म्हणजे 8 जुलैपर्यंत, वाढीव दर घेता येत नाही. त्यामुळे 5 जुलैला 149 रुपयेच कापले जातील आणि 199 ची पहिली तारीख 5 ऑगस्ट येईल. त्याआधी 30 दिवस, म्हणजे 6 जुलैच्या सुमारास, गूगल तुम्हाला कळवायला सुरुवात करेल आणि नवा दर मान्य आहे का ते विचारेल. होकार दिलात तर 5 ऑगस्टला 199 कापले जातील.

काहीच केलं नाहीत, तर त्या दिवशी गूगल वर्गणी आपणहून रद्द करतं. 199 कापले जात नाहीत, आणि 149 देखील नाहीत. थकबाकी राहत नाही, दंड नाही. 5 जुलैला भरलेल्या पैशांचा महिना पूर्ण होईपर्यंत सेवाही चालू राहते. वार्षिक वर्गणी असेल तर हाच हिशेब पुढच्या नूतनीकरणाच्या तारखेला होतो, भरलेलं वर्ष मध्येच तुटत नाही.

अनेकांचा गैरसमज इथेच होतो. ‘मी मान्य केलं नाही, म्हणजे मला जुनाच दर राहील’ असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. ऑगस्टमध्ये गाणी बंद पडली म्हणून पुन्हा वर्गणी घ्यायला गेलात, तर तुम्ही नवे ग्राहक ठरता आणि 199 च भरावे लागतात. संमती न दिल्याने पैसे वाचतात, जुना दर वाचत नाही.

आता उलटी बाजू. काही देशांत, काही अटींवर, गूगल कंपन्यांना केवळ सूचना देऊन दर वाढवू देतं. अ‍ॅपलनेही मे 2022 पासून, जिथे कायदा आड येत नाही तिथे, अशी मुभा दिली आहे. वाढ ठरावीक मर्यादेतली आणि वर्षातून एकदाच हवी, एवढी अट. तिथे मौन हा होकार. थेट कंपनीच्या संकेतस्थळावर घेतलेल्या वर्गणीत तर अनेकदा करारातच लिहिलेलं असतं की सूचनेनंतर सेवा सुरू ठेवलीत म्हणजे दर मान्य. माझ्या मते ही पद्धत ग्राहकाच्या आळसावर पोसलेली आहे, पण ती सर्रास चालते.

मग बँक अडवेल का? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी आपोआप होणारी वजावट सुरू करताना तुमची खात्रीशीर परवानगी लागते, आणि प्रत्येक वजावटीच्या किमान 24 तास आधी सूचना मिळायला हवी. परवानगी ठरावीक रकमेची असेल तर वाढीव रकमेसाठी ती नव्याने घ्यावी लागते. पण यूपीआयवर ऑटोपे मंजूर करताना कमाल रक्कमही दाखवलेली असते, आणि ती दरापेक्षा बरीच मोठी असू शकते. 149 च्या वर्गणीला 1000 रुपयांपर्यंतची परवानगी देऊन बसला असाल, तर 199 त्या मर्यादेत सहज बसतात आणि बँकेला अडवायचं कारण उरत नाही. ही मर्यादा तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत दिसते.

सूचना खरी की खोटी हेही तपासा. संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नका. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये तुमच्या चित्रावर दाबून Payments & subscriptions आणि मग Subscriptions उघडा, आयफोनवर Settings मध्ये आपल्या नावाखाली Subscriptions पाहा. दरवाढ खरी असेल तर ती तिथे नोंदलेली सापडेल. आणि सेवा नकोच असेल तर गप्प राहण्याच्या भरवशावर थांबू नका, तिथेच ती रद्द करा.