यूपीआय : खात्यातून रक्कम वजा झाली, दुकानदाराला मात्र मिळाली नाही

यूपीआयने पैसे देणे ही आपल्याला एकच क्रिया वाटते. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळे टप्पे असतात. एनपीसीआयचा स्विच आधी आपल्या बँकेला रक्कम वजा करायला सांगतो. बँकेने होकार दिला की तो दुकानदाराच्या बँकेला तेवढीच रक्कम जमा करायला सांगतो. या टिपणातला घोटाळा दुसऱ्या टप्प्यावर होतो.

दुकानदाराच्या बँकेने स्पष्ट नकार दिला, तर प्रश्न सोपा असतो. स्विच आपल्या बँकेला रक्कम परत करायला सांगतो आणि पैसे बहुधा लगेच परत येतात. अवघड प्रसंग आहे तो काहीच उत्तर न येण्याचा. जमा करण्याची सूचना वाटेतच हरवली, की रक्कम जमा होऊन फक्त पोच हरवली, हे स्विचला कळायला मार्ग नसतो. अशा वेळी घाईने पैसे परत केले आणि तिकडे ते जमा झालेले निघाले, तर एकच रक्कम दोघांकडे जाईल. म्हणून व्यवहार प्रलंबित राहतो आणि दोन्ही बँकांच्या नोंदींचा ताळमेळ घेतल्यावर दुकानदाराची बँक रक्कम जमा करते किंवा परत पाठवते. ‘पैसे अडकले’ असे आपण म्हणतो ते याच अवस्थेला.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 14 ऑगस्ट 2025 रोजी दुपारी एका विद्यार्थ्याने झेरॉक्सच्या दुकानात प्रकल्प अहवालाच्या बाइंडिंगचे 840 रुपये क्यूआर कोडवर दिले. बँकेचा एसएमएस आला, पण दुकानातला स्पीकर बोलला नाही. विद्यार्थ्याने स्क्रीनशॉट दाखवला. दुकानदाराने तो मानला नाही, आणि त्याचे बरोबरच होते, कारण स्क्रीनशॉटवरून रक्कम आपल्या खात्यात आली की नाही हे त्याला कळत नाही. शोधता येतो तो क्रमांक.

अ‍ॅपमध्ये अनेक क्रमांक दिसतात आणि तिथेच गोंधळ होतो. अ‍ॅपचा स्वतःचा व्यवहार क्रमांक लांबलचक, अक्षरे-अंक मिसळलेला असतो. ऑनलाइन खरेदी असेल तर विक्रेत्याचा ऑर्डर क्रमांक आणखी वेगळा. बँकांना हवा असतो तो 12 अंकी संदर्भ क्रमांक. पडद्यावर तो `UPI Ref No`, `RRN` किंवा `UTR` अशा नावांनी दिसतो आणि पासबुकातल्या नोंदीतही असतो. आपल्या उदाहरणात तो असा धरू:

```
522638104417
```

यातला पहिला अंक सहसा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस ते. 5 म्हणजे 2025 आणि 226 वा दिवस म्हणजे 14 ऑगस्ट. घाईत भलत्याच व्यवहाराचा क्रमांक उतरवला असेल, तर ही चूक इथेच लक्षात येते.

हा क्रमांक घेऊन दुकानदाराला त्याच्या अ‍ॅपमध्ये किंवा खात्यात शोधायला सांगावे. तिथे तो सापडला, तर बँकेचे काम झालेले आहे. फक्त दुकानदाराला सूचना गेली नाही, किंवा विक्रेत्याच्या संगणकावर ऑर्डर ‘न भरलेली’ राहिली. मग तगादा विक्रेत्याकडे लावावा. क्रमांक सापडला नाही, तर अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेला लिहावे. दुकानदाराच्या बँकेत जाऊन उपयोग नाही; आपण तिचे ग्राहक नाही.

रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, व्यापाऱ्याला दिलेल्या पैशांची पुष्टी त्याच्याकडे पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, त्यामुळे 15 ऑगस्टची सुट्टीही धरली जाते. मुदत 19 ऑगस्टला संपली. रक्कम 22 तारखेला आली, तर तीन दिवसांचे 300 रुपये देणे लागते, तेही ग्राहकाने न मागता. क्यूआर दुकानाचा नसून मालकाच्या वैयक्तिक खात्याचा असेल, तर व्यवहार दोन व्यक्तींमधला ठरतो आणि मुदत एकच दिवसाची होते.

बँकेला लिहिताना रागाचे कारण सांगत बसू नये. इतके पुरते:

“माझ्या 4471 या अंकांनी संपणाऱ्या बचत खात्यातून 14/08/2025 रोजी दुपारी 2.17 वाजता यूपीआयने 840 रुपये वजा झाले. संदर्भ क्रमांक 522638104417. दुकानदाराच्या खात्यात ही रक्कम जमा झालेली नाही. त्यांनी आज, 20/08/2025 रोजी, या क्रमांकाने शोधून पाहिले. रक्कम परतीची मुदत 19/08/2025 रोजी संपली आहे. रक्कम व विलंबाची भरपाई खात्यात जमा करावी आणि तक्रार क्रमांक कळवावा.”

पिन किंवा ओटीपी यात कुठेही लागत नाही. मागणारा बँकेचा माणूस नसतो. मिळालेला तक्रार क्रमांक व तारीख जपून ठेवावी, कारण 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाताना तीच लागते.

राहिला प्रश्न दुकानात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा. दुसऱ्यांदा पैसे द्यायचेच झाले तर रोख द्यावेत आणि पहिली रक्कम नंतर जमा झाली तर ती परत मिळेल, असे दुकानदाराकडून बिलावर संदर्भ क्रमांकासह लिहून घ्यावे. प्रलंबित व्यवहार तासाभराने यशस्वी झालेलाही आढळतो.