मुलाखतीनंतरचे आभार

शिष्यवृत्तीची मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी, आभाराचा ईमेल धाडावा. विषयाच्या ओळीत पूर्ण नाव आणि अर्ज क्रमांक हवा. मजकूर एवढाच: “आदरणीय समिती सदस्य, कालच्या मुलाखतीबद्दल आभार. भूजल पुनर्भरणाचा खर्च गावाला झेपेल का, हा आपला प्रश्न मनात घोळतो आहे. प्रबंधात त्याचा हिशेब मांडणार आहे. प्रवेशपत्र जूनमध्ये येईल, मिळताच पाठवेन.” मुलाखतीतला नेमका प्रश्न आला की पत्र साच्यातले वाटत नाही. घरची परिस्थिती अर्जात आलेलीच असते. ती इथे पुन्हा उगाळली तर आभार मागे पडून विनवणीच उरते. सदस्यांचे पत्ते ठाऊक नसतील तर ईमेल कार्यालयाकडे पाठवून तो त्यांच्यापर्यंत पोचवण्याची विनंती करावी.