कागद चपटा, साप लांबट: मोजणीचे शब्द

जपानीत संख्या सहसा थेट नामाला जोडत नाहीत. मध्ये गणकशब्द लागतो. कागद, तिकीट, ताटली, सदरा अशा पातळ, चपट्या वस्तूंसाठी तो आहे ‘माइ’. मांजरासारख्या लहान प्राण्यांसाठी ‘हिकी’, गाय-घोड्यांसारख्या मोठ्या जनावरांसाठी ‘तोओ’. ‘हिकी’चा उच्चार संख्येनुसार बदलतो: एकाला इप्पिकी, दोनला निहिकी, तिनाला सानबिकी. नवशिके अडखळतात ते इथेच.

चिनीतला ‘चांग’ कागदाबरोबर टेबल आणि पलंगही मोजतो, कारण तिथे सपाट पृष्ठभागाला महत्त्व. मासा आणि साप लांबट, म्हणून त्यांना ‘त्याव’.

इंग्रजीत मांजरे थेट मोजतात. कागदाचे नाम मात्र पदार्थवाचक, म्हणून ‘टू शीट्स ऑफ पेपर’. अनेकवचनाचा प्रत्यय ‘शीट’लाच लागतो. गुरे मोजताना येणारा ‘हेड’ मात्र एकवचनीच राहतो: ‘फिफ्टी हेड ऑफ कॅटल’.