टायरच्या खाचेत काडी घालून बघा

ताईंनो, पावसाळ्यात कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडं किंवा हिंगोलीकडं स्कूटीवर जाताना रस्त्यावर पाणी असतं, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरनं काळा चिखलही आणलेला असतो. अशा वेळी ब्रेक चांगले असून भागत नाही, टायरला खाचा लागतात. चाकाखालचं पाणी या खाचांतून बाजूला जातं, म्हणून रबर रस्त्याला धरतं. खाचा झिजल्या की पाणी मधेच अडकतं, ब्रेक दाबला तरी चाक घसरत जातं. गुळगुळीत टायर कोरड्या रस्त्यावर नीट चालतो, म्हणून “अजून चालतंय की” असं वाटतं. फसगत तिथंच होते.

टायर कधी बदलायचा, हे टायरच सांगतो. टायरच्या बाजूवर, कडेजवळ, टीडब्ल्यूआय ही इंग्रजी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. तिथून सरळ वर खाचेत बघा. खाचेच्या तळाशी रबराचा एक लहान आडवा उंचवटा दिसेल. बाजूचं रबर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आलं, की टायर संपला. नियमानं दुचाकी-तीनचाकीला कमीत कमी ०.८ मिलिमीटर आणि जीप, पिकअप, कारला १.६ मिलिमीटर खाच लागते. त्याच्या खाली गेलेला टायर रस्त्यावर चालवायचा नाही.

घरी मोजायचं असेल तर आधी खाचेतला चिखल-खडे काढा. काडेपेटीची काडी उंचवट्यावर नाही, त्याच्या शेजारी तळापर्यंत उभी घाला. रबराच्या वरच्या पातळीला काडीवर नखानं खूण करा आणि लेकराच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. पट्टीवरची एक बारीक रेघ म्हणजे १ मिलिमीटर. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, मधे आणि दोन्ही कडेला. सगळ्यात कमी आलेला आकडा धरायचा.

समजा, एका ताईच्या स्कूटीच्या मागच्या टायरला कडेला २ मिलिमीटर आले, पण मधे १ च आला. तर टायर १ चा धरायचा. ०.८ ला फक्त ०.२ उरले. काडीच्या मोजण्यात तेवढी चूक सहज होते. मृग लागायच्या आत हा टायर बदललेला बरा. मधेच जास्त झिजला म्हणजे बहुतेक हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा ओझं जास्त. हे दुरुस्त केलं नाही तर नवा टायरही तसाच जाईल.

आणि एक, खाच खोल असली तरी बाजूला भेगा पडल्या असतील किंवा फुगा आला असेल, तर तो टायर काडी न घालताच बदलायचा.