अंतरपाटावर मजकूर

लग्नपत्रिकेसाठी एआयकडून चित्र काढून घेणारे बहुतेक जण आधी सुंदर चित्र मागतात आणि मजकूर कुठे बसवायचा हे नंतर बघतात. मग फुलांच्या गर्दीत मुहूर्त हरवतो. आपल्या पत्रिकेत मजकूर काही कमी नसतो. कुलदैवताच्या नावापासून ‘आपले नम्र’पर्यंत सहज साठ-सत्तर शब्द होतात. म्हणून आधी मजकूर पक्का करावा आणि मगच प्रॉम्प्ट, म्हणजे चित्राची सूचना, लिहायला बसावे. एवढ्या शब्दांना अर्ध्याहून अधिक पान लागते.

‘मजकुरासाठी जागा सोड’ एवढेच लिहिले तर ही साधने अनेकदा फसतात. रिकामेपण त्यांना नीट कळत नाही, वस्तू कळते. मोकळ्या जागी ती एखादा मोर किंवा कमळ आणून ठेवतात. तेव्हा रिकाम्या जागेलाच वस्तू करावी. मराठी लग्नात अशी वस्तू तयारच आहे: अंतरपाट. मधोमध पांढरे कापड, दोन बाजूंना वधूवर आणि कापडावर नावे.

यात एक अडचण आहे. वधूवर समोरासमोर असतात, त्यामुळे त्यांना बाजूने पाहिले तर अंतरपाटाची नुसती कड दिसते. हुबेहूब फोटोसारखे चित्र मागितले की साधन कापड वाकडे तरी करते, नाहीतर जोडप्याच्या मागे पडद्यासारखे टांगते. त्यावर उपाय जुन्या लोकचित्रांत सापडतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीसारख्या शैलीत खोली आणि सावल्या यांचा आग्रह नसतो, म्हणून कापड आपल्याकडे तोंड करून असले तरी खटकत नाही. पण ‘चित्रकथी’ हा शब्द साधनाला ठाऊक असेलच असे नाही. त्यामुळे नावाबरोबर वर्णनही द्यावे. सूचना साधारण अशी:

```
उभी लग्नपत्रिका, सपाट लोकचित्र शैली, काळी बाह्यरेषा,
सावल्या नाहीत. रंग: गेरू, हळदी पिवळा, गडद हिरवा.
मधोमध मोठे, साधे, मळकट पांढरे कापड; पानाचा साठ टक्के भाग
त्याने व्यापलेला, त्यावर कोणतीही नक्षी नाही.
खाली डावीकडे वधू, उजवीकडे वर, दोघे लहान, चेहरे बाजूने.
वधू: पिवळी नऊवारी, हिरवा चुडा, नथ.
दोघांच्या कपाळावर मोत्यांची बारीक माळ,
टोके कानांजवळ लोंबणारी.
वर झेंडू आणि आंब्याच्या पानांचे तोरण.
```

यात ‘मुंडावळ्या’ हा शब्द नाही. त्या शब्दावर अनेकदा चेहरा झाकणारा उत्तरेकडचा सेहरा येतो. नुसते ‘भारतीय वधू’ लिहिले तर बहुधा लाल लेहंगा येतो. जे हवे त्याचा आकार सांगितला की साधन वाट चुकत नाही.

‘अक्षरे नकोत’ असे लिहिणेही धोक्याचे, कारण काही साधने ‘नकोत’ विसरतात आणि ‘अक्षरे’ लक्षात ठेवतात. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी सोय असेल तर ती वापरावी. मिडजर्नीत सूचनेच्या शेवटी `--no text` लिहितात आणि पानाचे प्रमाण `--ar 5:7` असे देतात. मजकूर चित्रात लिहून घेण्याच्या फंदात मात्र पडू नये. देवनागरीची जोडाक्षरे बिघडू शकतात, आणि ‘श्री’ मोडलेली पत्रिका घरातली वडीलधारी मंडळी हातातही धरणार नाहीत. कापडावरचे कुंकवाचे स्वस्तिकही साधन वाकडे किंवा उलटे काढू शकते. दोन्ही गोष्टी नंतर एखाद्या डिझाइन ॲपमध्ये, मुक्त किंवा यात्रा वन यांसारखा देवनागरी फॉन्ट घेऊन चढवाव्यात. वेगळ्या थरावरचा मजकूर असला की मुहूर्त बदलला तरी चित्राला हात लावावा लागत नाही.

पहिले चित्र आले की बोटे, नथ कोणत्या नाकपुडीत आहे आणि मुंडावळ्यांची टोके बघावीत. एकच गोष्ट चुकली असेल तर तेवढीच दुरुस्त करायला सांगावी. सगळी सूचना नव्याने लिहिली तर जमलेले चेहरेही हातचे जातात. मग खरा मजकूर बसवून चित्र फोनवर उघडावे. झूम न करता पत्ता वाचता आला नाही, तर कापड मोठे करावे लागणार.

वाढदिवसासाठी हीच युक्ती चालते, फक्त वस्तू बदलायची. पहिल्या वाढदिवसाला वरून पाहिलेला मोठा लाकडी पाट, भोवती रांगोळी आणि कोपऱ्यात निरांजनाचे ताम्हण. पाटाचा रंग फिका मागावा, नाहीतर अक्षरे उठत नाहीत.

व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर एवढ्यावर भागते. छापायचे असेल तर 5 × 7 इंची पत्रिकेला 300 डीपीआयने 1500 × 2100 पिक्सेल लागतात. अनेक साधने त्याहून लहान चित्र देतात, म्हणून ते अपस्केल करावे लागते. कडेला कटाईसाठी तीन मिलिमीटर जास्तीचे चित्र ठेवायला सांगावे, नाहीतर तोरणाचे टोक कापले जाते. पडद्यावरचा झळझळीत झेंडू छपाईच्या सीएमवायके शाईत मंद पडतो आणि चित्रातली सोनेरी जर तपकिरी दिसते. खरी सोनेरी चमक हवी असेल तर छापखान्याला फॉइल वेगळे सांगावे लागते. आणि शंभर प्रतींची ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावर एक प्रत छापून मागावी.